पहाटे पीएम २.५ चा आकडा उगाच चढतो: लेझर धूळ-सेन्सरमधली दमटपणाची चूक कशी शोधायची आणि कशी सुधारायची

लक्षणं

दुपारी तुमचं यंत्र आणि शेजारचं संदर्भ यंत्र बऱ्यापैकी जुळतात. रात्री उशिरा तुमचा आकडा हळूहळू सुटू लागतो, पहाटे पाचच्या सुमारास तो संदर्भाच्या दुप्पट-अडीचपट होतो आणि ऊन वर आलं की तास-दीड तासात खाली उतरतो. हे रोज घडतं, जवळपास त्याच वेळी. धुकं असेल तर आकडा एकदम तीनशे-चारशेवर जातो. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली गेलेली असते, तरी आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसतो. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

याच्यासारखीच दिसणारी पण वेगळी दुखणीही असतात. स्वच्छ हवेतसुद्धा आकडा आठ-दहाच्या खाली येतच नसेल, तर शून्य सरकलंय. एखाद्याच मिनिटाला आकडा उसळून परत जागेवर येत असेल, तर आत किडा किंवा कोळ्याचा तंतू असण्याची शक्यता जास्त. आठवडे जातील तसा आकडा सावकाश घसरत असेल, तर पंखा मंदावलाय किंवा लेझर थकलंय. या सगळ्यांच्या तपासण्याही वाटेत येतीलच.

ही तक्रार घेऊन आलेली बरीच यंत्रं मी हाताळली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत सेन्सर बिघडलेला नव्हता. नवा सेन्सर बसवला की चार दिवसांनी तीच तक्रार परत येते. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर, आणि खर्च सर्वात शेवटी.

असं का होतं

पीएमएस५००३, एसडीएस०११, एसपीएस३० यांसारखे सेन्सर धूळ मोजत नाहीत, धुळीवरून उडालेला प्रकाश मोजतात. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा झोत तिच्यातून जातो, आणि बाजूला बसवलेला फोटोडायोड विखुरलेला प्रकाश टिपतो. त्या प्रकाशावरून कणांचा आकार आणि संख्या यांचा अंदाज बांधायचा, मग ठरावीक घनता धरून वजन काढायचं, असा हा हिशेब आहे. वजनाचा काटा यात कुठेच नसतो.

हवेतल्या बारीक कणांत सल्फेट, नायट्रेट, मीठ असे पाणी शोषणारे पदार्थ असतात. दमट हवेत हे कण पाणी पिऊन फुगतात. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेवर विरघळून थेंब होतो, साधं मीठ ७५ टक्क्यांवर, तर अमोनियम नायट्रेट ६२ टक्क्यांच्या आसपास. फुगलेला कण कितीतरी जास्त प्रकाश उडवतो आणि सेन्सर त्या पाण्यालाही धूळ समजून मोजतो.

संदर्भ पद्धत मात्र कण कोरडा करून तोलते. अमेरिकेच्या गाळणी-वजन पद्धतीत गाळणी ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवून मग तोलतात, युरोपच्या पद्धतीत ४५ ते ५० टक्क्यांत. बीटा किरणांवर चालणारी तासातासाला आकडा देणारी यंत्रं हवा आत घेतानाच नळी गरम करून आर्द्रता खाली आणतात. म्हणजे पहाटे दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबरच असतात. एक ओला कण पाहतं, दुसरं कोरडा कण तोलतं. आपल्याला एकाचा आकडा दुसऱ्याच्या भाषेत आणायचा आहे.

पहिली तपासणी: चूक खरोखर दमटपणाचीच आहे का?

याला पैसे लागत नाहीत, फक्त आठवडाभराची नोंद लागते, आणि निम्मं निदान इथेच होतं.

पहाटे आकडा वाढणं हे एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा खाली बसते आणि धूर त्या पातळ थरात कोंडून राहतो. त्यामुळे पहाटेचं प्रदूषण बऱ्याचदा खरंच जास्त असतं. आर्द्रताही नेमकी तेव्हाच जास्त असते. नुसता आकड्यांचा आलेख आर्द्रतेच्या आलेखाशेजारी ठेवला तर दोन्ही बरोबरीने चढताना दिसतील, आणि खरं प्रदूषणही तुम्ही चूक म्हणून पुसून टाकाल. ही गफलत मी खूप ठिकाणी पाहिली आहे.

म्हणून आकडा पाहू नका, गुणोत्तर पाहा. दर तासाची तुमच्या यंत्राची सरासरी भागिले संदर्भाची सरासरी, एवढं एक नवीन स्तंभ करून काढा. आडव्या अक्षावर आर्द्रता, उभ्या अक्षावर हे गुणोत्तर. आता तीन चित्रं संभवतात.

गुणोत्तर साठ-पासष्ट टक्के आर्द्रतेपर्यंत जवळपास सपाट आणि पुढे वर वळलेलं, ऐंशीनंतर तर उभंच चढलेलं, तर दुखणं दमटपणाचं. गुणोत्तर सगळीकडे सारखंच जास्त, समजा दीड, तर साधा गुणक चुकलाय, आर्द्रतेचा संबंध नाही. आणि गुणोत्तर फक्त तेव्हाच जास्त येत असेल जेव्हा संदर्भ आकडा अगदी लहान असतो, तर शून्य सरकलंय.

संदर्भाचे पाच-सात मायक्रोग्रॅमच्या खालचे तास या आलेखातून काढून टाका. लहान संख्येने भागलं की गुणोत्तर नाचतं आणि चित्र गढूळ होतं.

दुसरी तपासणी: स्तंभ आणि घड्याळ

हीही फुकट. पीएमएस५००३ प्रत्येक वाचनात पीएम २.५ दोनदा पाठवतो, एक `CF=1` या नावाने आणि एक वातावरणीय म्हणून. कमी प्रदूषणात दोन्ही सारखेच असतात. आकडा वाढू लागला की `CF=1` पुढे निघून जातो. तुमच्या प्रोग्रॅमने एक स्तंभ वाचला आणि सुधारणेचं सूत्र दुसऱ्यासाठीचं असलं, तर नेमकी जास्त प्रदूषणाच्या वेळी, म्हणजे बऱ्याचदा पहाटेच, चूक दिसेल. एकदाच ठरवा कोणता स्तंभ घ्यायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

घड्याळाचं दुखणं याहून फसवं. संदर्भ यंत्राच्या नोंदीत ०६:०० म्हणजे पाच ते सहाची सरासरी की सहा ते सातची? दोन्ही पद्धती वापरात आहेत. त्यात तुमचं यंत्र यूटीसीत नोंदवत असेल आणि संदर्भ स्थानिक वेळेत, तर विचारूच नका. तुमची मालिका संदर्भापेक्षा एक तास उशिरा सरकलेली असली की सकाळी आकडा उतरत असताना गुणोत्तर जास्त येतं, संध्याकाळी चढत असताना कमी. हुबेहूब दमटपणाची चूक वाटते. तपासायचं कसं? तुमची मालिका एक-एक तास मागे-पुढे सरकवून संदर्भाशी सहसंबंध काढा. सर्वात चांगला जुळणारा सरक शून्य नसेल तर आधी घड्याळ दुरुस्त करा आणि पहिल्या तपासणीवर परत जा.

तिसरी तपासणी: जागा, तोंड आणि सफाई

एसडीएस०११ च्या माहितीपत्रकातच काम करण्याची आर्द्रता ७० टक्क्यांपर्यंत दिली आहे. त्यापुढे तो सेन्सर स्वतःच्या हद्दीबाहेर असतो, आणि पहाटे बाहेर तो रोज हद्दीबाहेर जातो. इतर सेन्सर जास्त आर्द्रता सोसतात, पण आत पाण्याचे थेंब जमता कामा नयेत ही अट सगळ्यांनाच आहे.

यंत्र ओल्या भिंतीला चिकटून, पाणी ठिबकणाऱ्या पाइपाखाली किंवा झाडाच्या दाट पानांत असेल, तर ते तुमच्या परिसराची हवा मोजतच नाही. हवा आत घेण्याचं तोंड खाली करा, पावसाचं पाणी ओघळून आत जाणार नाही असं. हवा बाहेर टाकण्याचं भोक तोंडापासून वेगळं ठेवा. डबीच्या आत दोन्ही एकमेकांसमोर असतील तर पंखा तीच उबदार हवा फिरवत राहतो आणि यंत्र बाहेरच्या बदलांना उशिरा उत्तर देतं.

मग सफाई. वीज बंद करून तोंडाची जाळी मऊ ब्रशने झाडा आणि हवेचा हलका फवारा बाहेरूनच मारा. फवारा मारताना पंखा गरगरा फिरू देऊ नका, नाहीतर त्याचं बेअरिंग जातं. एसपीएस३० मध्ये पंखा काही सेकंद पूर्ण वेगाने फिरवून आतली धूळ उडवण्याची सोय असते आणि यंत्र सलग चालू असेल तर आठवड्यातून एकदा ती आपोआप चालते. रोज वीज बंद-चालू करणाऱ्यांकडे मात्र ती कधीच चालत नाही, कारण आठवड्याची मोजणी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी आज्ञा देऊन चालवावी लागते.

सफाई झाली की शून्य तपासा. झाकणबंद डब्यात यंत्र ठेवा आणि हेपा गाळणीतून आलेली हवा आत सोडा, अर्धा तास. आकडा शून्य-एक-दोनपर्यंत उतरायला हवा. पाच-सहावर अडून राहिला तर आत धूळ चिकटून प्रकाश सतत विखुरतोय. दमटपणाची सुधारणा या सरकलेल्या शून्यावर कधीही बसवू नका, कारण भागाकाराने वजाबाकीची चूक निघत नाही.

चौथी तपासणी: व्होल्टेज

मल्टीमीटर सेन्सरच्या पिनांवर लावा, पॉवर सप्लायच्या टोकावर नव्हे. पीएमएस५००३ ला पंख्यासाठी ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात. लांब, बारीक वायर आणि सोबतीला वायफाय बोर्ड असेल तर डेटा पाठवताना व्होल्टेज खाली जातं, पंखा मंदावतो आणि हवा कमी ओढली जाते. वायर आखूड आणि जाड करून हे बहुतेकदा सुटतं. सेन्सर झोपेतून उठवल्यावर पहिली ३० सेकंदं टाकून द्या, तोवर हवेचा प्रवाह स्थिरावलेला नसतो.

पाचवी तपासणी: आर्द्रता तुम्ही कुठली मोजताय?

इथे मी सर्वात जास्त वेळ घालवतो, कारण सुधारणेचं सूत्र घालूनही पहाट जुळत नाही अशी तक्रार जवळजवळ नेहमी इथेच येऊन थांबते.

आर्द्रतेचा सेन्सर बहुतेक वेळा त्याच डबीत, बोर्डाशेजारी बसवलेला असतो. बोर्ड आणि लेझर यांच्या उष्णतेने डबीतली हवा बाहेरपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असते. हवा गरम झाली की तिच्यातली वाफ तेवढीच राहून सापेक्ष आर्द्रता घसरते. एका यंत्राची पहाट उदाहरणादाखल घ्या. बाहेर १८ अंश आणि ८८ टक्के, डबीत २३ अंश. डबीतला सेन्सर सुमारे ६५ टक्के दाखवतो. तो खोटं बोलत नाही, डबीची आर्द्रता खरंच तेवढी आहे. पण धूळ बाहेरून ओली होऊन येते आणि लेझरसमोरून क्षणात निघून जाते, तेवढ्यात ती पूर्ण सुकत नाही.

बाहेरचं तापमान वेगळं मोजलेलं असेल, म्हणजे सावलीत हवेशीर ठेवलेला एक साधा सेन्सर पुरे, तर डबीच्या आर्द्रतेवरून बाहेरची काढता येते:

```python
from math import exp

def es(t):
    return 6.112 * exp(17.62 * t / (243.12 + t))

rh_out = rh_box * es(t_box) / es(t_out)
```

डबी आणि बाहेर यांच्या तापमानातला फरक स्थिर आहे असं धरू नका. रात्री तो फक्त बोर्डाच्या उष्णतेचा असतो, दिवसा डबीवर ऊन पडलं की कितीतरी वाढतो. एकच आकडा वजा करून भागत नाही. शक्य असेल तर आर्द्रतेचा सेन्सर डबीबाहेर, हवेच्या तोंडाजवळ, सावलीत न्या. तोच खरा इलाज.

सहावी तपासणी: संदर्भाशेजारी ठेवून जुळवणं

आता वेळ लागतो. संदर्भ यंत्राच्या तोंडापासून काही मीटरांत, त्याच उंचीवर, मध्ये भिंत नाही अशा ठिकाणी तुमचं यंत्र किमान दोन आठवडे ठेवा. आर्द्रता आणि प्रदूषण दोन्हींचा पुरेसा पसारा या काळात यायला हवा. पंधरवडाभर सतत कोरडी हवा असेल तर पहाटेची चूक शिकायला काहीच मिळणार नाही. तासाच्या सरासरीत पाऊण तास तरी वाचनं असलीच पाहिजेत, नाहीतर तो तास टाका.

सूत्र मी कॅपा या एका संख्येवर आधारलेलं वापरतो. कण किती पाणी पितो याचं ते माप आहे, आणि हे मांडलं २००७ मध्ये पेटर्स आणि क्राइडनवाइस यांनी. खंडाच्या आतल्या भागातल्या हवेत कॅपा साधारण ०.३ धरतात, समुद्री हवेत त्याहून बराच जास्त. शुद्ध अमोनियम सल्फेटचा सुमारे ०.६, मिठाचा १.३ च्या जवळ.

```python
def corrected(pm, rh, a, kappa):
    rh = rh / 100
    growth = 1 + (kappa / 1.65) / (1 / rh - 1)
    return pm / (a * growth)
```

१.६५ ही कोरड्या कणाची धरलेली घनता. `a` हा साधा गुणक, `kappa` आणि `a` दोन्ही जुळवणीतून काढायचे.

त्याच यंत्राचे आकडे पुढे घेऊ. दुपारी बाहेर ३१ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असताना यंत्र ३४ दाखवत होतं, संदर्भ २७. गुणोत्तर १.२६. पहाटे ८८ टक्क्यांवर यंत्र १३१, संदर्भ ५०. गुणोत्तर २.६२. कॅपा ०.३ धरला तर वाढीचा गुणक ४० टक्क्यांवर १.१२ येतो आणि ८८ टक्क्यांवर २.३३. `a` १.१२५ घेतला की दुपार २७ वर येते आणि पहाट ५० वर. दोन्ही टोकं एकाच जोडीने जुळली. मधल्या तासांत पाच-आठ मायक्रोग्रॅमचा फरक राहिला, आणि असल्या सेन्सरकडून त्याहून जास्त मागू नये.

आता हेच डबीतल्या आर्द्रतेने करून पाहू. दुपारी डबी ३६ अंशांवर, आर्द्रता ३० टक्के. पहाटे ६५ टक्के. कॅपा ०.३ ठेवून दुपार जुळवली तर पहाटेचा सुधारलेला आकडा ८४ येतो, खरा ५०. यंत्राच्या मालकाला नेमका हाच अनुभव आला होता: सूत्र घातलं, थोडा फरक पडला, पण पहाट काही जुळेना. मग त्याने कॅपा वाढवत नेला. दोन्ही टोकं जुळायला तो १.९ पर्यंत न्यावा लागत होता. हा आकडा शुद्ध मिठापेक्षाही मोठा आहे, नेहमीच्या हवेतल्या धुळीला तो शक्य नाही. जुळवणीतून कॅपा एकच्या वर येऊ लागला की मी गणित सोडतो आणि आर्द्रतेच्या सेन्सरची जागा बघतो. एवढा एक नियम लक्षात ठेवला तर पुष्कळ रात्री वाचतात.

या सूत्राच्या मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत. आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे गेली की भाजकातलं पद शून्याकडे जातं आणि आर्द्रतेतली एका टक्क्याची चूकही उत्तर पार बिघडवते. आणि आर्द्रतेच्या स्वस्त सेन्सरमध्ये दोन-तीन टक्क्यांची चूक सहज असते. त्यातून धुक्याचे थेंब हे स्वतंत्र कण म्हणून मोजले जातात, ते कुठल्याही सूत्राने परत धूळ होत नाहीत. म्हणून ९५ च्या वरचे तास मी सुधारत नाही, त्यांच्यावर खूण करतो आणि सरासरीतून बाहेर ठेवतो. जुळवणी करतानाही ते तास आधी काढतो, नाहीतर दोन धुक्याच्या पहाटा सगळा कॅपा ओढून नेतात.

एकाच आर्द्रतेवर सकाळी आणि संध्याकाळी वेगळं गुणोत्तर आलं तर लगेच दचकू नका. अमोनियम सल्फेटचा कण ८० टक्क्यांवर विरघळतो, पण एकदा ओला झाला की आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत तो पाणी धरून राहू शकतो. म्हणून रात्री ओली झालेली धूळ सकाळी ६० टक्क्यांवरही थोडी फुगलेलीच असते.

वाऱ्याने उडालेली मातीची धूळ मात्र पाणी फारसं पीत नाही. अशा दिवशी तेच सूत्र आकडा उगाच खाली ओढेल. शिवाय हे छोटे सेन्सर अडीच मायक्रॉनच्या पुढचे कण नीट पाहतच नाहीत. त्यांचा पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून केलेला अंदाज असतो. धुळीच्या वादळात संदर्भाचा पीएम १० उसळला आणि तुमचा जागचा हलला नाही, तर तो बिघाड समजू नका. वरचं सूत्र पीएम २.५ पुरतंच वापरा.

तयार सूत्र उचलण्याबद्दलही थोडं सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर या बनावटीच्या यंत्रांसाठी दिलेलं सूत्र खूप फिरतं:

```
PM2.5 = 0.524 * PA_cf1 - 0.0862 * RH + 5.75
```

ते तिथल्या हवेवर, `CF=1` स्तंभावर आणि त्या यंत्राच्या डबीतल्याच आर्द्रतेवर बसवलेलं आहे. तुमची डबी वेगळी, धूळ वेगळी, तर गुणकही वेगळे. शिवाय आर्द्रतेचं पद त्यात वजाबाकीने येतं. आर्द्रता ६५ वरून ८८ झाली तर ते फक्त दोन मायक्रोग्रॅम कमी करतं. वरच्या उदाहरणातली ऐंशी मायक्रोग्रॅमची फूग अशाने निघत नाही.

जुळवणी दोन आठवड्यांवर करा, पण पडताळा तिसऱ्या आठवड्यावर घ्या, ज्याचे आकडे जुळवणीत वापरले नव्हते. तिथे गुणोत्तर पुन्हा आर्द्रतेबरोबर वळताना दिसलं तर काम झालेलं नाही. आणि ऋतू बदलला की परत एकदा, कारण धुळीतले पदार्थ बदलतात.

शेवटचा उपाय: हवा गरम करून आत घेणं

सूत्राने भागत नसेल तर हवेच्या तोंडाला छोटी तापलेली नळी जोडतात, म्हणजे कण लेझरसमोर येण्याआधीच सुकतो. काम होतं, पण आधी पूर्ण विचार करा. वीज खूप लागते, बॅटरीवरच्या यंत्राला परवडत नाही. नळी फार तापली तर अमोनियम नायट्रेट आणि काही सेंद्रिय पदार्थ वाफ होऊन उडून जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. उष्णता आर्द्रतेनुसार कमी-जास्त करायला हवी, म्हणजे कोरड्या दुपारी हीटर बंदच राहिला पाहिजे. मी स्वतः हे तेव्हाच करतो जेव्हा यंत्र बहुतेक काळ ८५ टक्क्यांच्या वर राहतं.

इथे थांबा

सेन्सरचं सीलबंद प्रकाशकक्ष उघडू नका. बंद असताना लेझर सुरक्षित असतो. झाकण काढून वीज दिली तर झोत थेट डोळ्यात जाऊ शकतो. शिवाय आतली जुळणी मिलिमीटरच्याही अंशाने हलली तर ती घरच्या हत्यारांनी परत बसत नाही. बाहेरून सफाई करूनही शून्य पाचच्या खाली येत नसेल, तर तो सेन्सर बदला. एसडीएस०११ चा लेझर सुमारे ८००० तासांचा, म्हणजे सलग चालवला तर वर्षापेक्षाही कमी. तेवढं आयुष्य झालेल्या सेन्सरवर जुळवणीचे दोन आठवडे घालवू नका.

यंत्र मुख्य विजेवर असेल आणि डबीत ओल शिरलेली दिसली, तर आत हात घालू नका. पुरवठा तोडा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

तुमच्याच बनावटीची दोन यंत्रं शेजारी ठेवल्यावर एकमेकांशी जुळतात पण संदर्भाशी दोन्ही सारखीच विचित्र वागतात, आणि वरचं सगळं करून झालंय, तर शंका संदर्भ यंत्रावरही घ्या. त्याची नळी तापवणारा हीटर बंद पडला असेल तर तेही ओली धूळ तोलतं. पण त्याला स्वतः हात लावू नका. तुमचे गुणोत्तराचे आलेख, तारखा आणि तास घेऊन ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाकडे जा. हवेचा प्रवाह आणि हीटर तपासायची साधनं त्याच्याकडेच असतात.

आणि या आकड्यांवर कुणाविरुद्ध तक्रार, भरपाईचा दावा किंवा आजाऱ्याच्या उपचारांचा निर्णय उभा राहणार असेल, तर कितीही चांगली जुळवणी झालेली असली तरी ते काम या सेन्सरवर सोपवू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून गाळणी-वजन पद्धतीने मोजमाप करून घ्या आणि तुमची नोंद सोबत जोडा, कुठल्या तासांत बघायचं हे त्यांना त्यातून कळेल.